ताळ्याचा रकाना

माझ्या बहिणीला दहावीच्या गणितात तीन मार्क कमी पडले ते माझ्यामुळे. तिला मी हे सांगितलं सतरा वर्षांनी, गेल्या थंडीत. बाकी कुणाला अजून सांगितलेलं नाही.

मी म्हैसुरातल्या एका कन्नड माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवतो. आमचं घराणं इथं राजाच्या फौजेबरोबर आलेलं; घोडे गेले, तलवारी गेल्या, घरात बोलायची मराठी तेवढी राहिली, तीही अर्धी कन्नड. बहीण माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. ती नववीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि कुणीतरी घरी राहायला हवं होतं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. कुणी राहायचं हा प्रश्नसुद्धा घरात कुणी विचारला नाही. तिची पुस्तकं एका दुपारी बांधून माळ्यावर गेली. मीच शिडी धरली होती.

ती अठ्ठावीस वर्षांची असताना तिचा नवरा काविळीनं गेला. एका सरकारी कचेरीत तो क्लार्क होता. त्याच्या जागी तिला नोकरी मिळणार होती. अर्ज वर्षाच्या आत द्यायचा होता आणि अर्जाला दहावीचं सर्टिफिकेट जोडलं तर क्लार्कची जागा, नाही तर डी-ग्रुप, म्हणजे शिपाई. तो गेला आषाढात. दहावीची परीक्षा चैत्रात. तिनं बाहेरून फॉर्म भरला.

"बाकीचे विषय मी बघते अण्णा," ती म्हणाली. "गणित तेवढं तू घे."

त्या वेळी मी मंडी मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत राहायचो. सकाळी सहाला घराच्या ओट्यावर ट्यूशन असायची. दहावीच्या दहा मुली, दोन बाकं, एक फळा. माझी अकरावी विद्यार्थिनी पांढऱ्या-करड्या साडीत, मागच्या बाकाच्या टोकाला. मुली तिला आंटी म्हणायच्या. पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, "आंटी, तुम्ही कुणाला सोडायला आलात?" बहीण म्हणाली, "स्वतःलाच." मुली हसल्या आणि सरकून तिला जागा दिली.

अवयव पाडणं हा धडा मी डिसेंबरात घेतला. दहावीत तो नुसता एक धडा नसतो. पुढची अर्धी बीजगणिताची इमारत त्याच्यावर उभी असते. माझी एक पद्धत होती, आणि तिचा मला फार अभिमान होता. वहीचं पान मी तीन भागांत पाडायला लावायचो. मधे उदाहरण सोडवायचं. उजव्या बाजूला चौकट, तिच्यात फक्त शेवटचं उत्तर. आणि डाव्या बाजूला ताळ्याचा रकाना. उत्तर आलं की त्याचे कंस पुन्हा गुणून काढायचे आणि मूळची राशी परत येते का ते बघायचं. आली, तर खाली 'ताळे सरी', म्हणजे ताळा बरोबर, असं कन्नडमध्ये लिहायचं. ताळा कन्नडमध्येही ताळेच, त्यामुळे हा शब्द शिकवताना मला कधी भाषा बदलावी लागली नाही.

ताळ्याचा रकाना रिकामा असला तर मी उत्तर बरोबर असूनही अर्धा मार्क कापायचो.

सुरुवात सामाईक अवयवापासून. 6a²b + 9ab². दोन्ही पदांत काय सारखं आहे? सहा आणि नवात तीन. दोन्हीकडे a आहे, दोन्हीकडे b आहे. 3ab बाहेर काढला की आत उरतात 2a आणि 3b. म्हणून 3ab(2a + 3b). आणि डावीकडे उलट: 3ab गुणिले 2a म्हणजे 6a²b, 3ab गुणिले 3b म्हणजे 9ab². सरी.

बहिणीनं पहिल्याच दिवशी असली वीस उदाहरणं केली. एकही चुकलं नाही. तिचा हात माझ्या लक्षात होता. लहानपणी सतराचा पाढा तिला माझ्या आधी यायचा आणि वडील ते पाहुण्यांना सांगायचे. मी हसायचो, पण मला ते आवडायचं नाही. हेही लिहून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात त्याचा वाटा आहे.

वर्गांतर, म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी, तिला सगळ्यात आवडलं. फळ्यावर मी (x + 3)(x − 3) गुणून दाखवला: x², मग वजा 3x, मग अधिक 3x, मग वजा 9. ती मागून कन्नडमध्ये म्हणाली, "म्हणजे मधले दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि कडेचे दोघं जेवायला उरतात."

मुली खिदळल्या. मीसुद्धा हसलो. त्या महिन्यात ती कधीकधी हसत होती. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

त्याच धड्यात मी सगळ्यांना एक इशारा दिला होता, आणि तो खरा होता. 5x² − 45 घ्या. कुणी 5(x² − 9) लिहून थांबलं, तर ताळा जुळतो. गुणलं की 5x² − 45 परत येतं. पण काम अर्धंच झालेलं असतं, कारण x² − 9 अजून फुटतं: 5(x + 3)(x − 3). म्हणून, ताळा जुळला म्हणजे राशी तीच आहे एवढंच ठरतं. अवयव पूर्ण पाडून झालेत का, ते आतल्या कंसात बघून ठरवायचं. बहिणीनं हे वाक्य वहीच्या मागच्या पानावर चौकट करून लिहून घेतलं.

मला हे वाक्य नंतर शस्त्रासारखं वापरता येईल, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

आता माझ्या पट्टीबद्दल. अकरा पेपर तपासायचे आणि साडेआठच्या आत आंघोळ करून शाळा गाठायची, म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची एक लांब पट्टी कापली होती. तिच्यावर एकाखाली एक उत्तरं लिहिलेली. पेपरातल्या उजव्या चौकटींना ती पट्टी चिकटवायची, डोळा वरून खाली सोडायचा, जुळलं तिथं बरोबरची खूण, नाही तिथं फुली. एक पेपर एका मिनिटात. ज्या डाव्या रकान्यासाठी मी मुलींचे मार्क कापायचो, तो भरलाय की रिकामा आहे एवढंच मी बघायचो. आत काय लिहिलंय ते मी वाचत नव्हतो.

परीक्षेला अकरा दिवस असताना मी वीस मार्कांची चाचणी घेतली. सातवं उदाहरण गट पाडण्याचं होतं: 3x − 3y − ax + ay. पट्टीवरचं उत्तर असं: पहिल्या दोन पदांतून 3, पुढच्या दोहोंतून वजा a, म्हणजे 3(x − y) − a(x − y), म्हणजे (x − y)(3 − a).

बहिणीच्या चौकटीत होतं (y − x)(a − 3).

मी फुली मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाटताना मी एकेकीचे मार्क मोठ्यानं सांगत होतो. तिला म्हणालो, "आंटी, एकोणीस. सातवं चूक."

सगळ्यात जास्त मार्क तिचेच होते. पण ती पेपराकडे बघत बसली. मग म्हणाली, "अण्णा, हे कसं चूक रे? ताळा जुळतोय की."

"पट्टीत बघ. x वजा y आहे. तुझं उलटं आलंय."

"उलटं आहे, हौदु, हो. पण दोन्ही कंस उलटे आहेत नं. तू गुणून बघ एकदा."

"गुणायला काय, मला येत नाही?"

"असं कुठं म्हटलं मी? सुम्ने, नुसतं एकदा बघ म्हणते."

मुली वळून बघत होत्या. घड्याळात सव्वासात झाले होते, अजून दोन उदाहरणं फळ्यावर घ्यायची होती. आणि वीस वर्षांपूर्वीचा तो सतराचा पाढा कुठून तरी वर आला. मी म्हणालो, "ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबर होत नाही, किती वेळा सांगितलंय? 5x² − 45 विसरलीस? पुस्तकात जे उत्तर आहे ते उत्तर. नववीत शाळा सोडलीस, अजून तिथंच बसलीयस तू."

हे मी मराठीत बोललो. मुलींना मराठी येत नव्हती, पण सूर कळायला भाषा लागत नाही. पुढच्या बाकावरची एक फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. बहीणही हसली. तिनं पेपराची घडी केली आणि वहीत ठेवली. "बरं," म्हणाली. "आयतु बिडु. राहू दे."

त्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीला मी ओटा झाडत होतो. मागच्या बाकाखाली तो पेपर पडलेला दिसला. वहीतून निसटला असावा. मी उचलला. उजवीकडे माझी लाल फुली. मग माझी नजर डावीकडे गेली, बहुधा त्या वर्षात पहिल्यांदा. तिच्या बारीक, उभ्या अक्षरात लिहिलं होतं:

(y − x)(a − 3) = ay − 3y − ax + 3x.

खाली तिनं पदं मूळच्या क्रमानं पुन्हा मांडली होती: 3x − 3y − ax + ay. आणि त्याखाली, ताळे सरी.

मी उभ्या उभ्याच मनात गुणलं. मग आत जाऊन कागदावर गुणलं. नंतर पट्टीवरचं गुणलं: 3x − ax − 3y + ay. तीच चार पदं, तीच चिन्हं. दोन्ही कंसांची चिन्हं एकदम फिरवली तर गुणाकार फिरत नाही, वजा गुणिले वजा अधिक होतं. हे मी दरवर्षी नववीला शिकवतो. तिचं उत्तर पूर्ण होतं, आतले कंस आणखी फुटणारे नव्हते. माझा 5x² चा इशारा इथं लागूच नव्हता.

वीसपैकी वीस होते तिला.

तिचं घर तेव्हा चार गल्ल्या सोडून होतं. चप्पल घालायची आणि जायचं. दहा मिनिटांचं काम. मी चप्पल घातलीसुद्धा. मग मनात आलं, सकाळी सगळ्यांसमोरच सांगतो, जसं बोललो तसंच मागं घेतो. ते जास्त बरोबर होईल. मी चप्पल काढली.

सकाळी ती आली, मागच्या बाकावर बसली. मी फळ्याकडे वळलो. पोरी शांत होत्या, वह्या उघडलेल्या होत्या. आज नको, उद्या सांगू. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की परीक्षा तोंडावर आहे, आता दोन-दोन उत्तरं सांगून तिचा गोंधळ कशाला करायचा. ती आता पुस्तकाच्या रीतीनंच लिहितेय नं, मग झालं. खरं तर त्या दिवसापासून तिच्या ताळ्याच्या रकान्यात फक्त 'ताळे सरी' एवढंच असायचं. वर गुणाकार नसायचा. मार्क कापले जाऊ नयेत म्हणून नुसते शब्द. तेही मी बघितलं. रकाना भरलेला होता, म्हणून मार्क कापले नाहीत.

तो पेपर मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला.

निकाल वैशाखात लागला. बाकी सगळ्या विषयांत ती चांगली पास. गणितात पास व्हायला तीन मार्क कमी. भूमितीत ती आधीपासून कच्ची होती, बीजगणितावर तरेल असं आम्ही धरलं होतं.

संध्याकाळी ती आली. माझ्या बायकोनं कॉफी दिली, ती तिनं घेतली नाही. ओट्याच्या पायरीवर बसून म्हणाली, "दोन उदाहरणं मीच घालवली अण्णा. बरोबर लिहिली होती की काय कोण जाणे. आधी लिहिलं, मग वाटलं, पुस्तकासारखं नाही हे. x आधी पाहिजे. म्हणून खोडलं आणि x आधी घेऊन लिहिलं."

"ताळा केला नाहीस?"

हे मी विचारलं. मी.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताळा जुळून काय होतंय? तो जुळतो आणि उत्तर चूक असतं. मग मी कशावर भरवसा ठेवायचा? तुझी पट्टी तिथं कुठं होती?"

पायरीवर ती आणि मी, दोघंच होतो. मुली नव्हत्या, फळा नव्हता, घड्याळ नव्हतं. एवढी सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. आणि मी म्हणालो, "परीक्षेत घाई करू नये."

जूनमध्ये पुरवणी परीक्षा होती. तिचा निकाल मुदतीच्या आत लागेल की नाही हे कचेरीत कुणी ठामपणे सांगेना, पण लागलाही असता. मी म्हणालो, पुन्हा बस, मी रोज दोन तास घेतो. ती म्हणाली, "बेड अण्णा. नको. माझ्या डोक्यात ते आता बसत नाही. मला आधी वाटायचं बसतंय."

मी तिच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. अर्जावर पत्ता माझा दिला होता. पाकीट आलं तेव्हा ते मीच उघडलं. पहिलं खोडलेलं उदाहरण गटाचं होतं: bx − by + 4y − 4x. तिनं मागची दोन पदं आधी घेतली होती: 4(y − x) − b(y − x), म्हणून (y − x)(4 − b). हे बरोबर आहे. गुणून बघा: 4y − by − 4x + bx. याच्यावर तिनं एक तिरकी रेघ मारली होती, पट्टीनं मारल्यासारखी सरळ. आणि खाली लिहिलं होतं (x − y)(4 − b). तिनं एकच कंस फिरवला होता. हे गुणलं तर 4x − bx − 4y + by येतं. चारही चिन्हं उलटी. एकदा ताळा केला असता तर तिच्या नजरेतून हे सुटलंच नसतं. दोन मार्कांचं होतं.

दुसरं 16 − x². आधी (4 + x)(4 − x), बरोबर. ते खोडून, x आधी आणायचा म्हणून, (x + 4)(x − 4). म्हणजे x² − 16. हेही दोन मार्कांचं.

दोन आणि दोन चार. कमी पडले तीन.

खोडलेल्या उत्तराला मार्क देत नाहीत. तिला मी सांगितलं, "बघितलं, वाढायचे नाहीत." हे खरं होतं. झेरॉक्स कुठंय, असं तिनं विचारलं नाही. पाकीट त्याच खणात, त्या पेपरावर गेलं.

आषाढात तिला डी-ग्रुपची ऑर्डर आली. नवरा ज्या टेबलावर बसायचा त्याच्या बाजूनं ती सतरा वर्षं फाइली नेते-आणते. साहेब आले की उठून उभी राहते, पाण्याचे जग भरते. तिच्यामागून लागलेल्या, तिच्याहून लहान क्लार्क बायका तिला हाक मारून चहा सांगतात. एकदा मी काही कामानं त्या कचेरीत गेलो होतो. ती ट्रे घेऊन येत होती. मला बघून तिनं ट्रे खाली ठेवला नाही की लपवला नाही. "अण्णा, बस की," म्हणाली, "तुझं काम कुणाकडं आहे?" आणि मला योग्य त्या टेबलाशी नेऊन बसवलं. मी माझं काम करून घेतलं.

या सगळ्या वर्षांत ती मला काही विसरली नाही. उलट कुठलाही कागद आला की घेऊन यायची. गॅसचा फॉर्म, विम्याचा, गावाबाहेर हूटगळ्ळीत तिनं घर बांधलं तेव्हा कर्जाचे. स्वतः सगळं भरायची, मग बस धरून यायची आणि समोर ठेवायची. "अण्णा, बरोबर आहे का बघ. मी भरलंय, पण माझा मला भरवसा नाही." मी चष्मा लावून बघायचो. कधी एक चूक सापडली नाही. मी म्हणायचो, "बरोबर आहे," आणि तिच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं दिसायचं, ते बघणं ही माझी शिक्षा होती असं मी म्हणू शकलो असतो. पण खरं सांगायचं तर ते मला बरं वाटायचं. तिला माझी गरज होती.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी चाचणीचे पेपर परत देत होतो. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, माझं उत्तर उलटं आलंय, पण ताळे जुळतंय." मी तिची वही घेतली, डाव्या बाजूला बघितलं, दोन ओळी वाचल्या आणि फुली खोडून मार्क दिला. "सरी आहे, बस." ती बसली. पुढच्या मुलीचा पेपर माझ्या हातात होता आणि मला तिचं नाव वाचता येईना. एवढंच होतं ते. अर्ध्या मिनिटाचं काम.

त्या रविवारी मी खणातले दोन्ही कागद घेतले आणि हूटगळ्ळीची बस धरली.

ती घरापुढच्या पायरीवर उन्हात बसून अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलत होती. थंडीत आमच्याकडं घरोघर हेच चालतं, भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा आणि सालातून बाहेर उडवायचा. मला बघून म्हणाली, "अय्यो, आज सूर्य पश्चिमेला उगवला का? बस, हात लाव जरा. दोन शेर आहेत." मी बसलो, हात लावला. थोडे दाणे सोलले. मग कागद तिच्या समोर ठेवले.

"हे काय?"

"बघ."

तिनं पदराला हात पुसले. आधी चाचणीचा पेपर उघडला. बराच वेळ बघत राहिली. अक्षर स्वतःचं आहे हे तिला आधी कळलं नसावं. मग म्हणाली, "पेन्सिल आहे?"

माझ्या खिशात होती. झेरॉक्सच्या कोऱ्या पाठीवर तिनं कंस उतरवून घेतले. y गुणिले a. थांबली. y गुणिले वजा 3. मग वजा x गुणिले a. शेवटच्या पदाशी पेन्सिल अडली. वजा x गुणिले वजा 3. ओठ हलत होते. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं न बघता डावा हात वर केला. मग लिहिलं, अधिक 3x. चारही पदं मूळच्या उदाहरणाखाली लावून बघितली, एकेकाखाली टिंब दिलं.

"बरोबर होतं की रे हे."

"हो."

तिनं पान उलटलं आणि खोडलेली दोन्ही उदाहरणं वाचली. त्यांचा ताळा तिनं कागदावर केला नाही. रेघेवरून फक्त बोट फिरवलं.

मी ठरवून आलो होतो त्यातलं बरंच बोललो. पट्टीचं सांगितलं, घाईचं सांगितलं, मुली हसल्या त्याचं सांगितलं. ती ऐकत होती. दाणे सोलायचं थांबली नव्हती. शेवटी म्हणाली, "चूक होते अण्णा. मास्तर झाला म्हणून काय. माझ्याही हातून फाइली चुकतात." तिचा आवाज खरंच नरम झाला होता. मला वाटलं, झालं. एवढंच होतं तर मी उगाच इतकी वर्षं.

मग तिनं सहज विचारलं, "तुला कधी कळलं?"

नववीच्या त्या मुलीची गोष्ट तयार होती. गेल्या आठवड्यात कळलं, म्हणता आलं असतं. तिनं मानलं असतं. मी तिच्या हातातल्या दाण्याकडे बघत म्हणालो, "त्याच दिवशी. संध्याकाळी."

"कुठल्या?"

"तू पेपर विसरून गेलीस त्या."

तिचे हात थांबले. "म्हणजे परीक्षेच्या आधी?"

"चाचणी झाली तेव्हा अकरा दिवस होते. दहा उरले होते."

पातेल्यातले सोललेले दाणे तिनं एकदा वरखाली केले. समोरच्या रस्त्यानं कारखान्याची बस गेली, धूळ आली, तिनं पातेल्यावर ताट झाकलं. मग उठली, आत गेली. भांडी हलवल्याचा आवाज येत राहिला. मी पायरीवर बसून होतो. बऱ्याच वेळानं ती दारात आली आणि म्हणाली, "जेवून जा. सारू-भात होतोय." मी जेवलो. तिनं वाढलं. दोनदा वाढलं. पण समोर बसली नाही.

निघताना मी कागद उचलायला गेलो तर म्हणाली, "ते राहू दे इथं."

त्याला आता वर्ष होत आलं. ती माझ्याशी बोलायची थांबलेली नाही. गौरीला आली होती, माझ्या बायकोबरोबर स्वयंपाक केला, जाताना नेहमीसारखी पाया पडली. आधी मी वाट बघत होतो की ती रागवेल. मग वाट बघणं सोडलं.

गेल्या महिन्यात कचेरीतल्या कुणाकडून तरी कळलं की तिनं बदलीसाठी अर्ज दिलाय, तीन पानांचा, सेवेच्या सगळ्या तपशिलांसह. मी फोन केला. म्हटलं, "अर्ज दिलास म्हणे. दाखवायचा होतास एकदा, मी बघितला असता."

"बघितला मी," ती म्हणाली. "भरला, मग मागून पुढं पुन्हा वाचला. जुळला."

मी म्हणालो, "बरं."

"ठेवू मग? साहेब आलेत," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.